पीएस-४ च्या डिस्कवर पीएस-५ ची आवृत्ती : कुठली फुकट, कुठली पैसे देऊन, कुठली नाहीच

प्रश्न : भाऊ, मी दारव्ह्याकडच्या खेड्यातला. माझ्याकडे पीएस-४ आहे आणि चार डिस्क आहेत : होरायझन फॉरबिडन वेस्ट, घोस्ट ऑफ सुशिमा, द लास्ट ऑफ अस पार्ट टू आणि जीटीए फाइव्ह. त्यातल्या दोन नागपूरहून सेकंडहँड घेतल्या. कापसाचे पैसे आले की पीएस-५ घ्यायचं ठरवलंय, डिजिटलवाला स्वस्त पडतो म्हणून तोच बघतोय. जुनी डिस्क असली की पीएस-५ ची आवृत्ती फुकट मिळते असं मित्र म्हणतो. चारही मिळतील का? आणि घ्यायची कशी? गावात वायफाय नाही, मोबाइलचंच नेट आहे.

उत्तर :

आधी मशीनचं बोलतो, कारण तिथं चुकलं की बाकी सगळं वाया. डिजिटलवाला घेऊ नका. तुमचे चारही गेम डिस्कवर आहेत, आणि डिस्कवरचा हक्क वापरायला ती डिस्क मशीनमध्ये घालावीच लागते. डिजिटल पीएस-५ ला डिस्कची खाचच नाही, त्यामुळे त्या मशीनसाठी तुमच्या चारही डिस्क असून नसल्यासारख्या. दुकानदाराला डिस्क दाखवून, बिल दाखवून किंवा कव्हरवरचा कोड टाकून हक्क मिळवायची कुठलीही सोय सोनीने ठेवलेली नाही. हातातला डिजिटलवाला नवा, स्लिम प्रकारचा असेल तर त्याला वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडता येतो, आणि तो पहिल्यांदा जोडताना मशीन इंटरनेटवर असावं लागतं. २०२० साली आलेल्या पहिल्या, जाड डिजिटल मॉडेलला मात्र काहीच जोडता येत नाही. सेकंडहँड पीएस-५ बघायला गेलात तर हे आधी विचारा. माझ्या हिंगणघाटच्या दुकानात जुन्या डिस्क देण्याघेण्यासाठी येणाऱ्या पोरांपैकी बरेच जण डिजिटल मशीन घेऊन मग डिस्कची पिशवी घेऊन येतात, आणि त्यांना नाही म्हणताना मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. पीएस-४ चा जवळजवळ प्रत्येक गेम पीएस-५ वर चालतो, त्याला पैसे लागत नाहीत आणि काही मागावंही लागत नाही. डिस्क घाला, खेळा. पण चालते ती पीएस-४ ची आवृत्ती. त्याच गेमची पीएस-५ साठी वेगळी बांधलेली आवृत्ती असते, तिच्यात लोडिंग लवकर होतं, चित्र जास्त स्वच्छ दिसतं, कंट्रोलरच्या ट्रिगरला ताण येतो. ती आवृत्ती स्टोअरमध्ये वेगळा माल म्हणून असते. जुन्या मालकाला ती फुकट द्यायची, थोडे पैसे घेऊन द्यायची की पूर्ण किंमत लावायची, हे त्या त्या गेमची कंपनी ठरवते. सगळ्यांना लागू होणारा एक नियम नाही, म्हणून चारही गेम वेगवेगळे बघावे लागतात. योगायोगाने तुमच्या चार डिस्कमध्ये या तिन्ही तऱ्हा आहेत.

होरायझन फॉरबिडन वेस्ट फुकट मिळेल. याच्यामागे एक गोष्ट आहे आणि ती माहीत असावी, कारण आज जे १० डॉलरचे अपग्रेड दिसतात त्यांतले बरेच तिथूनच आले. सप्टेंबर २०२१ मध्ये सोनीने आधी जाहीर केलं होतं की साध्या आवृत्तीवाल्यांना पीएस-५ ची आवृत्ती मिळणार नाही, फक्त महागड्या आवृत्त्यांसोबत दोन्ही मिळतील. खेळणारे चिडले, कारण आधी वेगळं सांगितलं गेलं होतं. काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. फॉरबिडन वेस्ट सगळ्यांना फुकट, आणि यापुढे सोनीचे स्वतःचे जे गेम दोन्ही मशीनवर येतील त्यांना १० डॉलर, असं ठरलं. ग्रॅन टुरिस्मो ७ आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकला म्हणूनच १० डॉलर लागतात. लोकांनी आवाज उठवला म्हणून तुमच्या डिस्कला हा हक्क मिळाला आहे, तो सोडू नका. शिवाय त्या गेमचा पुढचा भाग, बर्निंग शोर्स, फक्त पीएस-५ च्या आवृत्तीवरच चालतो. तो पुढे घ्यायचा असेल तर हे अपग्रेड केल्याशिवाय इलाज नाही.

द लास्ट ऑफ अस पार्ट टू ला १० डॉलर. इथे पीएस-५ वर जानेवारी २०२४ मध्ये 'रिमास्टर्ड' या नावाने वेगळी आवृत्ती आली आणि पीएस-४ वाल्यांना ती १० डॉलरमध्ये देऊ केली. हा गेम पीएस-४ वर दोन डिस्कमध्ये येतो, एकीवर 'डेटा' लिहिलेलं असतं आणि दुसरीवर 'प्ले'. अपग्रेडसाठी आणि पुढे खेळण्यासाठी प्ले डिस्क घालायची. सेकंडहँड घेतली असेल तर आजच डबा उघडून बघा, कारण डबा तोच पण आत एकच डिस्क, तीही डेटाची, असा माल बाजारात फिरतो.

घोस्ट ऑफ सुशिमाचं गणित जरा वाकडं आहे. तुमच्याकडे २०२० ची मूळ आवृत्ती असेल तर पीएस-५ वर सरळ तिचंच सुधारलेलं रूप मिळत नाही. पीएस-५ साठी आहे ती डायरेक्टर्स कट, ऑगस्ट २०२१ ची, आणि तिच्यात इकी बेटाचा नवा भाग आहे. मूळ पीएस-४ वरून पीएस-५ च्या डायरेक्टर्स कटवर यायला ३० डॉलर ठेवले होते. त्यातले २० नव्या भागाचे आणि १० पीएस-५ चे, असं समजा. कारण ज्याच्याकडे पीएस-४ चा डायरेक्टर्स कट आहे त्याला पीएस-५ साठी फक्त १० लागतात. म्हणून डब्यावर 'Director's Cut' लिहिलंय का ते आधी वाचा. नसेल तर पैसे भरण्याआधी नागपुरात किंवा यवतमाळला पीएस-५ च्या डायरेक्टर्स कटची सेकंडहँड डिस्क कितीला मिळते ते विचारा आणि तुमची जुनी डिस्क कितीला जाते तेही. माझा अनुभव असा की या एका गेमपुरतं डिस्क बदलून घेणं बहुतेक वेळा परवडतं, आणि तुमच्या नेटच्या हिशोबाने तर नक्कीच. ते पुढे सांगतो.

जीटीए फाइव्हला काहीच नाही. तो पीएस-५ वर १५ मार्च २०२२ ला आला तो वेगळा, विकत घ्यायचा गेम म्हणूनच. पहिले तीन महिने, जूनच्या मध्यापर्यंत, तो मोठ्या सवलतीत होता आणि जीटीए ऑनलाइन त्या काळात फुकट होतं, पण ती सवलत सगळ्यांनाच होती, जुन्या डिस्कमुळे नाही. तुमची पीएस-४ ची डिस्क पीएस-५ वर आहे तशी चालेल. पीएस-५ ची आवृत्ती हवीच असेल तर सेलची वाट बघा.

वर मी डॉलरमध्ये आकडे दिले ते अमेरिकेचे आहेत. आपल्या भारतीय स्टोअरवर रुपयांत किंमत दिसते आणि डॉलरला रुपयाने गुणलं की तीच येते असं नाही. मशीनवर दिसेल तीच खरी.

आता हक्क टिकतो कशावर ते. चार गोष्टी जुळाव्या लागतात : तुमची प्रत कशी आली, कुठली आवृत्ती आहे, कुठल्या प्रदेशाची आहे, आणि योजना अजून चालू आहे का. सेकंडहँड डिस्कबद्दल लोकांना फार शंका असते, तर ते आधी. डिस्कमध्ये एकदाच वापरायचा कोड नसतो. आधीच्या मालकाने अपग्रेड घेतलं असेल तरी तुमचा हक्क संपत नाही, कारण मशीन फक्त एवढंच बघतं की आत्ता डिस्क आत आहे का. एकदाच चालतो तो डब्यातल्या कागदावरचा कोड, जादा पोशाख किंवा जादा भाग देणारा. तो सेकंडहँड मालात वापरून झालेलाच धरा. मात्र १० डॉलर भरून घेतलेलं अपग्रेड तुमच्या अकाऊंटवर चढतं, डिस्कवर नाही. तुम्ही डिस्क पुढे विकली तर घेणाऱ्याला पुन्हा पैसे भरावे लागतील, आणि तुमच्याकडे पैसे भरलेली पण न उघडणारी आवृत्ती राहील. पीएस-५ ची आवृत्ती मशीनमध्ये पूर्ण उतरलेली असली तरी ती सुरू करताना दर वेळी पीएस-४ ची डिस्क आत लागते. इथे डिस्क ही कुलपाची किल्ली आहे, घर नाही. मित्राला डिस्क दिली की तुमचा गेमही त्याच्यासोबत गेला.

प्रदेशाची भानगड आपल्या भागात जास्त होते, कारण नागपूरच्या बाजारात दुबईहून आणि अमेरिकेहून आलेल्या डिस्क मिसळलेल्या असतात. डिस्क कुठलीही असो, ती चालते. पण अपग्रेड हा स्टोअरचा माल आहे आणि स्टोअर अकाऊंटच्या देशाचं असतं. डिस्कची छाप आणि अकाऊंट वेगळ्या पट्ट्यातले असले की मशीन दोघांची सांगड घालत नाही आणि सवलत दिसतच नाही. ओळखायचं कसं? डब्याच्या दर्शनी भागावर खालच्या कोपऱ्यात वयाचा शिक्का असतो. 'PEGI' लिहिलं असेल तर ती युरोपच्या छापाची. 'ESRB' असेल, काळ्यापांढऱ्या चौकोनात 'M' किंवा 'T', तर अमेरिकेची. भारतीय अकाऊंटला युरोपच्या छापाच्या डिस्क बहुधा जुळतात, अमेरिकेच्या बहुधा नाही. डब्याच्या कण्यावर `CUSA` ने सुरू होणारा आकडाही असतो. एकाच गेमचा हा आकडा प्रत्येक छापाला वेगळा असतो. मित्राच्या डिस्कवर सवलत दिसली आणि तुमच्या डिस्कवर नाही, तर दोघांचे आकडे शेजारी ठेवून बघा, फरक लगेच कळेल. अकाऊंटचा देश एकदा निवडला की बदलता येत नाही, म्हणून अमेरिकेच्या डिस्कसाठी आपलं जुनं अकाऊंट मोडण्याच्या फंदात पडू नका. डिस्क बदला, ते सोपं.

तुमचं सगळं डिस्कवर आहे, म्हणून डिजिटल आणि पीएस प्लसबद्दल थोडक्यात. स्टोअरमधून विकत घेतलेल्या प्रतीचा हक्क अकाऊंटवरच असतो, डिस्क लागत नाही, आणि तो मोबाइलच्या ॲपमधूनही घेता येतो. पीएस प्लसमध्ये मिळालेल्या प्रतीचं मात्र प्रत्येक वेळी तपासावं लागतं. अनचार्टेड फोरची पीएस प्लसवर मिळालेली प्रत पीएस-५ च्या संग्रहाच्या सवलतीला चालली नाही, विकत घेतलेली चालली. फायनल फँटसी सेव्हन रिमेकची मार्च २०२१ ची पीएस प्लस प्रतही आधी नाकारली होती, डिसेंबर २०२१ मध्ये ती चालू केली. कंट्रोल या गेमला तर फक्त अल्टिमेट आवृत्ती घेतलेल्यांनाच फुकट मिळालं, साधी घेतलेल्यांना नाही. 'फुकट अपग्रेड आहे' हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न हाच विचारा : कुठल्या प्रतीला?

आता घ्यायची कशी. सुरुवात पीएस-४ वरूनच होते, तो विकण्याआधी. पीएस-५ ची आवृत्ती हा वेगळा गेम असल्यामुळे तुमची जुनी प्रगती आपोआप तिच्यात येत नाही. पीएस प्लस असेल तर सेव्ह क्लाउडवर असतात. नसेल तर पेन ड्राइव्ह घ्या, तो `exFAT` किंवा `FAT32` मध्ये फॉरमॅट केलेला असावा, आणि पीएस-४ वर या वाटेने जा :

```
Settings > Application Saved Data Management
> Saved Data in System Storage > Copy to USB Storage Device
```

चारही गेमचे सेव्ह त्यावर घ्या. नव्या पीएस-५ वर त्याच अकाऊंटने लॉग इन करा, पेन ड्राइव्ह लावा आणि इथून आत घ्या :

```
Settings > Saved Data and Game/App Settings
> Saved Data (PS4) > USB Drive
```

मग गेमच्या आत पहिल्याच पडद्यावर किंवा लोड करायच्या जागी पीएस-४ चा सेव्ह आणण्याचा पर्याय असतो, तो निवडा. काही गेमना मात्र पीएस-४ च्या आवृत्तीतूनच सेव्ह आधी वर पाठवावा लागतो. फायनल फँटसी सेव्हन रिमेक आणि सायबरपंक २०७७ तसे आहेत, आणि जीटीए फाइव्हची कथाही रॉकस्टारच्या अकाऊंटवर आधी चढवावी लागते. म्हणून पीएस-४ विकायची घाई करू नका. पीएस-५ वर जुन्या जागेवरून खेळ सुरू झालेला डोळ्यांनी बघा, मग विका. पीएस-५ च्या आवृत्तीचे सेव्ह पुढे पेन ड्राइव्हवर घेता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

हक्क घेण्याचं काम मशीनवरच करा, फोनवर नाही. फोनला तुमच्या हातातली डिस्क दिसत नाही, त्यामुळे ॲपमध्ये तुम्हाला पूर्ण किंमत दिसेल आणि 'सवलत संपली वाटतं' असं वाटेल. पीएस-५ मध्ये पीएस-४ ची डिस्क घाला. घातल्याबरोबर मशीन पीएस-४ ची आवृत्ती उतरवायला लागतं आणि तिचे अपडेट नेटवरून ओढायला लागतं. तुमच्या नेटवर हे परवडणारं नाही, म्हणून डाउनलोडच्या यादीत जाऊन ते लगेच रद्द करा. डिस्क बाहेर काढू नका. मग होम स्क्रीनवर त्या गेमच्या चित्रावर या, आत जा, आणि खाली सरकत पीएस-५ च्या आवृत्तीची पाटी शोधा. तिथे दिसली नाही तर मुख्य बटणाशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबा, आवृत्त्यांची यादी उघडेल. होरायझनला तिथे `Free` दिसायला हवं आणि लास्ट ऑफ असला अपग्रेडची कमी किंमत. पूर्ण किंमत दिसत असेल तर हात आवरा. स्टोअरच्या शोधात नाव टाकून गेलात तर पूर्ण गेम विकत घ्यायचं पान उघडतं, तिथे घाईत बटण दाबलं जातं. चुकून घेतलंच तर १४ दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात, पण डाउनलोड सुरू केलेलं नसेल तरच. म्हणून विकत घेतल्यावर आपोआप सुरू झालेलं डाउनलोडही तुमचा तो मार्ग बंद करू शकतं.

पैसे भरायला कार्ड नसेल तर रुपयांतला वॉलेट कोड घ्या. तो भारताच्या अकाऊंटसाठीचाच हवा. दुसऱ्या देशाचा कोड भारतीय अकाऊंटवर चढत नाही.

सवलत दिसत नसेल तर मी या क्रमाने बघतो : डिस्क पीएस-४ ची आणि प्ले डिस्कच आहे ना, लॉग इन असलेलं अकाऊंट भारतातलंच आहे ना, डब्यावरचा शिक्का कुठला आहे. हे सगळं ठीक असेल तर `Settings > Users and Accounts > Other > Restore Licenses` करून मशीन एकदा बंद-चालू करतो. त्याने न झाल्यास दहापैकी नऊ वेळा प्रदेशच वेगळा निघतो.

आता तुमच्या नेटचं. हीच गोष्ट खेड्यातल्या माणसाला कोणी आधी सांगत नाही. अपग्रेडची आवृत्ती डिस्कवर नसते. हातात डिस्क असूनही पीएस-५ चा सगळा गेम पहिल्या बाइटपासून इंटरनेटवरून उतरतो. हे मोठे गेम ८० ते १०० जीबीच्या घरात जातात. ९० जीबीचा गेम धरा. रोज २ जीबीच्या मोबाइल प्लॅनवर फक्त त्याच्यासाठी ४५ दिवस लागतील, आणि तेवढ्यात नवा अपडेट येईल. गावात १० एमबीपीएसचं जोडणीचं नेट असेल तर एकसलग २० तास. उलट, पीएस-५ ची खरी डिस्क घेतली तर गेमचा मोठा भाग डिस्कवरूनच उतरतो आणि नेटवरून फक्त अपडेट येतात. म्हणूनच घोस्ट ऑफ सुशिमासाठी मी डिस्क बदलून घ्यायला सांगतोय, आणि लास्ट ऑफ असच्या बाबतीतही पीएस-५ ची डिस्क थोड्या जास्त पैशांत मिळत असेल तर ती घ्या म्हणेन. फुकटचं होरायझन मात्र सोडू नका, त्याच्यासाठी एक दिवसाची खटपट करण्यासारखी आहे.

ती खटपट अशी. यवतमाळ, अमरावती, वर्धा, जिथे तुमच्या कोणाकडे फायबर असेल तिथे पीएस-५, पॉवरची वायर, एचडीएमआय केबल, कंट्रोलर, होरायझनची डिस्क आणि अपग्रेड घेणार असाल तर लास्ट ऑफ असचीही डिस्क घेऊन जा. १०० एमबीपीएसच्या नेटवर ९० जीबी दोन-अडीच तासांत येतं. रात्रभर ठेवणार असाल तर `Settings > System > Power Saving > Features Available in Rest Mode` मध्ये `Stay Connected to the Internet` चालू करा, म्हणजे मशीन झोपलेलं असतानाही डाउनलोड होत राहतं. लाइटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावा. मध्येच वीज गेली तरी उतरलेला भाग बहुतेक वाचतो आणि पुढून सुरू होतो, पण झोपलेल्या मशीनची वीज वारंवार जाणं चांगलं नाही.

निघण्याआधी तिथेच आणखी एक काम करा, नाहीतर गावात येऊन कुलूप दिसेल. पीएस-५ ची ही आवृत्ती डिजिटल परवान्यावर चालते, आणि नेट नसताना तो परवाना मशीनला ओळखू यावा यासाठी तुमचं अकाऊंट त्या मशीनशी जोडलेलं असावं लागतं :

```
Settings > Users and Accounts > Other
> Console Sharing and Offline Play > Enable
```

हे एका अकाऊंटला एकाच पीएस-५ वर करता येतं. मशीन सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने आपलं अकाऊंट काढून टाकलंय ना, तेही बघून घ्या. हे चालू असलं की धाकट्या भावाला त्याच्या वेगळ्या अकाऊंटवरूनही तोच गेम खेळता येतो, अर्थात डिस्क आत असताना. तिथे असतानाच गेम एकदा सुरू करून बघा, आणि मग नेट बंद करून पुन्हा सुरू करून बघा. दोन्ही वेळा उघडला तर बिनधास्त गावी न्या.

गेम कुठल्या आवृत्तीत चालतोय याची खात्रीही तिथेच करा. होम स्क्रीनवर गेमच्या नावाशेजारी `PS4` अशी छोटी पाटी दिसत असेल तर तुम्ही अजून जुनीच आवृत्ती उघडताय. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटआधी दोन्ही आवृत्त्या एकाच चित्राखाली राहायच्या, आता त्या वेगळ्या दिसतात, तरी हा घोळ होतो. अपग्रेड घेऊनही पीएस-४ च्याच आवृत्तीवर खेळणारी पोरं मी पाहिली आहेत. तीन ठिपक्यांतून पीएस-५ ची निवडा आणि पीएस-४ ची आवृत्ती मशीनमधून काढून टाका, जागाही मोकळी होते. सेव्ह वेगळे साठवलेले असतात, गेम काढल्याने ते जात नाहीत.

एक्सबॉक्सबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मशीन अजून ठरलेलं नाही म्हणून सांगतो. तिथे स्मार्ट डिलिव्हरी नावाची पद्धत आहे. जो गेम तिच्यात आहे त्याचा हक्क मागावा लागत नाही, मशीन बघून योग्य आवृत्ती आपोआप उतरते. पण तुमच्या पीएस-४ च्या डिस्क तिथे काही कामाच्या नाहीत, आणि स्वस्तातल्या सिरीज एस ला डिस्कची खाचही नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा : डिस्कवाला पीएस-५ घ्या. होरायझन फुकट उतरवा. लास्ट ऑफ असची प्ले डिस्क आणि डब्यावरचा शिक्का तपासा, मग अपग्रेड की पीएस-५ ची डिस्क ते किंमत बघून ठरवा. घोस्टची जुनी डिस्क देऊन पीएस-५ चा डायरेक्टर्स कट घ्या, आणि जीटीए आहे तसाच खेळत राहा. डब्यांवरच्या शिक्क्यांचे आणि कण्यावरच्या आकड्यांचे फोटो पाठवलेत तर कुठल्या डिस्कला अडचण येईल ते मी मशीन घेण्याआधीच सांगू शकेन.